कप्तानाने आपला माल बुडवला, विमा कंपनीला काय लिहायचं?

पत्र

चंदगडजवळ माझा काजूचा कारखाना आहे. दार-ए-सलामहून काजू बीचे तीन कंटेनर मागवले होते. भाव न्हावा शेवापर्यंतच्या भाड्यासकट, विमा मी काढलेला. वाटेत जहाजाच्या एका होल्डला आग लागली. कप्तानाने होल्डमध्ये समुद्राचं पाणी सोडून ती विझवली आणि जहाज ओढत ओमानमधल्या सलालाहला नेलं. आमचा एक कंटेनर त्या होल्डमध्ये पाण्याखाली होता, दुसऱ्याला धुराचा वास लागलाय असं कळतं, तिसरा ठीक आहे. आता नुकसानीची वाटणी ठरवणाऱ्या लंडनच्या अ‍ॅव्हरेज अ‍ॅडजस्टरचं पत्र आलंय: जनरल अ‍ॅव्हरेज जाहीर झालं आहे, बाँड आणि विमा कंपनीची गॅरंटी द्या, विमा नसेल तर किमतीच्या २५ टक्के रोख भरा, तोवर माल सुटणार नाही. आमची पॉलिसी सी क्लॉजची. एजंट म्हणतो, "त्यात भिजलेला माल बसत नाही, आणि या हिशोबाला वर्षं लागतात, तोवर थांबा." माल आमचा बुडवला आणि पैसेही आम्हीच भरायचे? विमा कंपनीला नक्की काय लिहू?

— एक उद्योजिका, चंदगड

उत्तर

थांबू नका. हे उत्तर वाचून झालं की आजच विमा कंपनीला मेल पाठवा. खाली मसुदा दिला आहे. पण त्यातलं प्रत्येक वाक्य का आहे हे समजून घ्या, कारण क्लेम खात्यातला माणूस तुम्हाला उलट प्रश्न विचारणार आहे.

एजंटची पहिली गोष्ट अर्धी खरी आहे, म्हणूनच धोक्याची आहे. सागरी मालाच्या विम्याला जी इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस लागतात, त्यांत ए सगळ्यात व्यापक, बी मधलं आणि सी सगळ्यात आखूड. समुद्राचं पाणी होल्डमध्ये किंवा कंटेनरमध्ये शिरून झालेलं नुकसान बी मध्ये आहे, सी मध्ये नाही. त्यामुळे तुम्ही नुसतं "आमचा माल समुद्राच्या पाण्याने भिजला" एवढंच कळवलंत, तर क्लेम खातं सी क्लॉजची यादी उघडेल, तिथे पाणी सापडणार नाही आणि फाइल बंद होईल.

पण त्याच सी क्लॉजच्या यादीत 'जनरल अ‍ॅव्हरेज सॅक्रिफाइस', म्हणजे सगळ्यांना वाचवण्यासाठी दिलेला बळी, हे संकट स्वतंत्रपणे, नाव घेऊन लिहिलेलं आहे. तुमचं पाणी लाटेबरोबर आलेलं नाही, गळक्या झाकणातूनही आलेलं नाही. जहाज आणि उरलेला सगळा माल वाचवण्यासाठी कप्तानाने ते जाणूनबुजून सोडलं. पाणी तेच, नुकसान तेच, पण कारण वेगळं, आणि विमा कारणाचा असतो. शिवाय सी क्लॉजमध्ये 'आगीमुळे झालं असं वाजवीपणे म्हणता येईल' असं नुकसानही बसतं. आग लागली नसती तर पाणी सोडलंच नसतं, म्हणजे हा दुसरा आधारही तुमच्या हातात आहे. नोटिशीत दोन्ही लिहा.

एक आडवा प्रश्न येऊ शकतो, म्हणून आधीच सांगते. बी आणि सी क्लॉजमध्ये एक अपवाद आहे: कोणी गैरकृत्य करून मालाचा मुद्दाम नाश केला तर भरपाई नाही. एखादा नवखा अधिकारी बोट ठेवून म्हणेल की कप्तानाने मुद्दामच बुडवला ना? त्याला त्या वाक्यातला 'गैरकृत्य' हा शब्द दाखवा. जळतं जहाज वाचवण्यासाठी केलेली कृती मुद्दाम असते, गैर नसते. ती मुद्दाम केलेली असणं ही तर जनरल अ‍ॅव्हरेजची पहिली अट आहे.

आता एजंटची दुसरी गोष्ट, थांबण्याची. ही सरळ चूक आहे. जनरल अ‍ॅव्हरेज म्हणजे जहाज आणि त्यावरचा सगळा माल एकाच संकटात असताना, सगळ्यांना वाचवण्यासाठी कोणा एकाचं जे गेलं ते वाचलेल्या सर्वांनी आपापल्या किमतीच्या प्रमाणात भरून द्यायचं. जहाजाच्या मालकानेही द्यायचं. हा रिवाज इतका जुना आहे की रोमन कायद्याच्या संहितेत तो ऱ्होड्स बेटाचा नियम म्हणून नोंदलेला आहे. आज हिशोब यॉर्क-अँटवर्प नियमांनी होतो. कोणत्या सालचे नियम ते तुमच्या बिल ऑफ लेडिंगच्या मागच्या बारीक छपाईत असतं, बहुधा १९९४ किंवा २०१६. हजारो कंटेनरवाल्यांच्या किमती गोळा करून हा हिशोब पुरा व्हायला खरंच वर्षं जातात. एजंटचं तेवढं बरोबर आहे.

पण बळी गेलेल्या मालाच्या मालकाने त्या हिशोबाची वाट पाहावी असं आपला कायदा म्हणत नाही. सागरी विमा कायदा १९६३, कलम ६६, उपकलम ४ काढून वाचा. पॉलिसीत वेगळं काही लिहिलं नसेल, तर जनरल अ‍ॅव्हरेज सॅक्रिफाइसमध्ये गेलेल्या मालाची पूर्ण भरपाई मालक आपल्या विमा कंपनीकडून घेऊ शकतो, आणि त्याआधी इतरांकडून वाटा वसूल करण्याची गरज नाही. पैसे दिल्यावर इतरांकडून येणारा वाटा विमा कंपनीचा. वर्षानुवर्षं थांबायचंच तर ती थांबेल, तो तिचा धंदा आहे. तुमचा धंदा काजूचा आहे आणि पुढच्या हंगामाची बी घ्यायला तुम्हाला पैसे आता लागणार आहेत.

मात्र हे पूर्ण भरपाईचं कलम फक्त बळी दिलेल्या मालाला लागतं. म्हणून तुमचे तीन कंटेनर कागदावर तीन वेगळे करायला हवेत. एकाच आगीतले असले तरी विम्याच्या दृष्टीने ती तीन वेगळी प्रकरणं आहेत. "तीन कंटेनरचं नुकसान" असा एकच आकडा टाकून पाठवलेल्या नोटिशी मी पुष्कळ पाहिल्या आहेत. मग पहिले काही महिने नुसते पत्रव्यवहारात जातात.

होल्डमधला कंटेनर हा बळी. यॉर्क-अँटवर्प नियमांतला तिसरा नियम खास जहाजावरची आग विझवण्याबद्दल आहे. विझवताना पाण्याने किंवा अन्य साधनाने झालेलं नुकसान जनरल अ‍ॅव्हरेजमध्ये भरून मिळतं. धुराचा वास लागलेला कंटेनर मात्र त्यात येत नाही. तोच नियम पुढे सांगतो की धुराने झालेलं नुकसान, ते कसंही झालेलं असो, आणि आगीच्या धगीने झालेलं नुकसान यांना जनरल अ‍ॅव्हरेजमधून काही मिळणार नाही. वाचून राग येईल, पण त्यामागे व्यवहार आहे. आगीचा धूर किती आणि पाणी मारल्यावर उठलेला किती, हे कुणालाच वेगळं करता येत नाही. तुमचं मात्र यात बिघडत नाही, कारण या कंटेनरचा क्लेम 'आग' या कारणाखाली थेट तुमच्या पॉलिसीवर जातो आणि आग सी क्लॉजमध्ये आहे. फरक इतकाच की ते पैसे विमा कंपनीला इतर मालवाल्यांकडून परत मिळणार नाहीत, म्हणून या कंटेनरचा सर्व्हे ती जास्त कडक करेल. आणि तिसरा, धडधाकट कंटेनर: त्याचा क्लेम नुकसानीचा नाही, तो इतरांच्या नुकसानीत जो वाटा उचलेल त्याचा आहे. क्लॉजेसमधलं दुसरं कलम, ए, बी, सी तिन्हींत सारखंच, जनरल अ‍ॅव्हरेज आणि सॅल्व्हेजचा, म्हणजे जहाज वाचवायला आलेल्यांच्या मोबदल्याचा, वाटा विमा कंपनीवर टाकतं.

तुमचा "पैसेही आम्हीच भरायचे?" हा प्रश्न रास्त आहे. आकडे घालून पाहू या. समजा प्रत्येक कंटेनरचं बिल २० लाखांचं आणि तुम्ही १० टक्के वर धरून प्रत्येकी २२ लाखांचा विमा काढला आहे. पहिल्यातली बी पूर्ण वाया गेली. दुसऱ्यातली सर्व्हेअरने ४० टक्के घसरलेली ठरवली, म्हणजे तिची किंमत उरली १२ लाख. तिसरी पूर्ण २० लाखांची.

जनरल अ‍ॅव्हरेजच्या हिशोबात पहिल्या कंटेनरचे २० लाख तुमच्या नावावर जमा होतात, कारण तिथे व्यापारी बिलाची किंमत धरतात, तुमची २२ लाखांची विमा रक्कम नाही. आता वाटा कशावर द्यायचा? तिसऱ्याच्या २० लाखांवर, दुसऱ्याच्या उरलेल्या १२ लाखांवर आणि पहिल्याच्या भरून मिळणाऱ्या २० लाखांवरही, एकूण ५२ लाखांवर. बुडालेल्या मालावरही वाटा का, हे विचाराल. कारण तो धरला नाही तर ज्याचा माल बुडवला त्याला पुरे २० लाख मिळतील आणि ज्यांचा वाचला त्यांना खिशातून घालावे लागतील. मग बुडणाराच फायद्यात. समुद्राचा हिशोब दोघांना एकाच पातळीवर आणतो. समजा अ‍ॅडजस्टरने शेवटी सगळ्यांसाठी १० टक्के दर काढला. तुमचा वाटा ५ लाख २० हजार, जमा २० लाख, म्हणजे अखेरीस १४ लाख ८० हजार येणं.

हा सगळा हिशोब विमा कंपनीच्या वहीत होतो. तुमच्या हातात त्याआधी येतात पहिल्या कंटेनरचे २२ लाख आणि दुसऱ्याचे २२ लाखांच्या ४० टक्के, म्हणजे ८ लाख ८० हजार. पॉलिसीत कपातीची अट असेल तर ती रक्कम वजा. ५ लाख २० हजारांचा वाटा विमा कंपनी भरते आणि २० लाखांचं येणं तीच घेते. पैसे तुम्ही भरायचे नाहीत.

अर्थात विमा पुऱ्या किमतीचा असेल तरच. गेल्या वर्षीच्या भावाने विमा काढला आणि यंदा बी महाग घेतली, असं सर्रास होतं. २० लाखांच्या कंटेनरचा १५ लाखांचाच विमा असेल तर त्याच्या वाट्यातले तीन चतुर्थांश विमा कंपनी देईल, उरलेलं तुम्ही. अशा वेळी गॅरंटी देण्याआधी ती तुमच्याकडून उलट हमीपत्र मागते. मागितलं तर दचकू नका, पण का मागितलं ते विचारा.

तर आता नोटीस. ती इंग्रजीत पाठवा, कारण विमा कंपनीच्या क्लेम खात्यानंतर ती लंडनला जाणार आहे. मजकूर असा:

> विषय: जनरल अ‍ॅव्हरेज आणि मालाच्या नुकसानीची तातडीची सूचना. पॉलिसी क्रमांक …, जहाज …, फेरी क्रमांक …, बिल ऑफ लेडिंग क्रमांक … दिनांक …
>
> वरील जहाजाच्या होल्डमध्ये दिनांक … रोजी आग लागली. ती विझवण्यासाठी आणि जहाज व माल यांच्या सामायिक सुरक्षेसाठी कप्तानाने होल्डमध्ये पाणी सोडलं. जहाजमालकाने जनरल अ‍ॅव्हरेज जाहीर केलं असून अ‍ॅडजस्टरचं दिनांक … चं पत्र सोबत जोडलं आहे. ते आम्हाला दिनांक … रोजी मिळालं.
>
> १. कंटेनर क्रमांक …, सील क्रमांक …: आग विझवण्याच्या पाण्याने भिजला आहे. हा जनरल अ‍ॅव्हरेज सॅक्रिफाइस असून नुकसान आगीमुळेही झालेलं आहे. सागरी विमा कायदा १९६३ च्या कलम ६६(४) नुसार आम्ही पूर्ण भरपाई मागत आहोत.
>
> २. कंटेनर क्रमांक …, सील क्रमांक …: धूर व धगीने नुकसान झाल्याचं कळतं. आग या संकटाखाली क्लेम करत आहोत. रक्कम सर्व्हेनंतर.
>
> ३. कंटेनर क्रमांक …, सील क्रमांक …: सध्या नुकसान कळलेलं नाही. तपासणीपर्यंत हक्क राखून ठेवत आहोत.
>
> ४. तिन्ही कंटेनरसाठी जनरल अ‍ॅव्हरेजची गॅरंटी अ‍ॅडजस्टरच्या नमुन्यावर, आणि सॅल्व्हेजची हमी वेगळी मागितली गेल्यास तीही, तातडीने द्यावी.
>
> ५. जहाज सध्या सलालाह बंदरात आहे. तेथे सर्व्हेअर नेमावा. भिजलेला माल नाशवंत असून त्याची विल्हेवाट, विक्री किंवा पुढे पाठवणं याबद्दल लेखी सूचना द्याव्यात.
>
> ६. अ‍ॅव्हरेज बाँड आणि किंमतपत्रक सोबत जोडलं आहे. उद्या संध्याकाळपर्यंत आपली हरकत न आल्यास आम्ही ते सही करून पाठवू. जहाज कंपनीविरुद्धचे सर्व हक्क आम्ही राखून ठेवत आहोत.

सोबत पॉलिसी, व्यापारी बिल, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंगच्या दोन्ही बाजू आणि अ‍ॅडजस्टरचं पत्र जोडा. मागची बाजू लोक हमखास विसरतात, आणि कोणत्या सालचे नियम लागू आहेत ते तिथेच असतं. तुमची ओपन पॉलिसी, म्हणजे अनेक खेपांची एकच पॉलिसी, असेल तर ही खेप त्यात नोंदवली होती का, ते मेल पाठवण्याआधी पाहा. राहिली असेल तर आत्ताच कळवा आणि राहिल्याचं सरळ लिहा. मागची तारीख टाकायचा मोह कुणी सुचवला तर ऐकू नका. अख्खा क्लेम त्यावर जातो.

चौथ्या मुद्द्यातल्या सॅल्व्हेजबद्दल थोडं. ज्या टगने जहाज ओढलं तो बहुधा सॅल्व्हेज कराराखाली आला असेल, आणि त्याची हमी जनरल अ‍ॅव्हरेजच्या हमीपेक्षा निराळी, वेगळ्या कागदावर, कधी वेगळ्या वकिलांकडून मागितली जाते. २०१८ च्या मार्चमध्ये अरबी समुद्रात मेर्स्क होनाम या जहाजाला आग लागली, पाच खलाशी गेले. तेव्हा मालवाल्यांकडे सॅल्व्हेजसाठी किमतीच्या ४२.५ टक्के आणि जनरल अ‍ॅव्हरेजसाठी ११.५ टक्के अशी हमी मागितली होती. विमा नसलेल्यांना निम्म्याहून जास्त किंमत रोख मांडल्याशिवाय आपला धड माल हलवता येईना. दोनपैकी एकच कागद दिला तर माल सुटत नाही. म्हणून विमा कंपनीला दोन्ही एकदम सांगा.

बाँड आणि गॅरंटी यांत गोंधळ होतो. बाँडवर सही तुमची, मालाची मालकीण म्हणून: जो वाटा कायदेशीरपणे निघेल तो देईन. गॅरंटीवर सही विमा कंपनीची. दोन्ही लागतात. बाँडमध्ये 'कायदेशीरपणे देय' या अर्थाचे शब्द आहेत ना, तेवढं पाहा. असतील तर सही केल्याने तुम्ही जहाजवाल्याची बाजू मान्य केली असं होत नाही. आग त्यांच्याच हलगर्जीपणाने लागली असेल तर वाटा नाकारण्याचा हक्क शिल्लक राहतो. सीएमए सीजीएम लिब्रा हे जहाज २०११ मध्ये चीनच्या शियामेन बंदरातून निघताना रुतलं. प्रवासाचा आराखडाच सदोष होता, म्हणून जहाज समुद्रयोग्य नव्हतं, असं ठरवून ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये वाटा नाकारणाऱ्या मालवाल्यांच्या बाजूने निकाल दिला. दहा वर्षं लागली. ती लढाई विमा कंपन्यांनी लढायची असते. "जहाजवाल्याची चूक आहे, मी बाँड देत नाही" असं म्हणून तुम्ही अडून बसलात तर तेवढा काळ माल सलालाहच्या आवारात राहील.

आणि रोख भरू नका. विमा आहे तर गॅरंटी हाच रस्ता. विमा कंपनीकडून उशीर होतो म्हणून कोणी घाईने भरलेच, तर अ‍ॅडजस्टरची मूळ डिपॉझिट पावती बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. परतावा तिच्यावरच मिळतो.

उशीर मात्र खरोखर महाग आहे. उशिरामुळे झालेलं नुकसान या क्लॉजेसमध्ये वगळलेलं असतं. गॅरंटीचा कागद टेबलावर पडून राहिला आणि तिसऱ्या, चांगल्या कंटेनरमधल्या बीला सलालाहच्या उन्हात घाम धरून बुरशी आली, तर ते कोणी देणार नाही. कंटेनरचं भाडं आणि आवाराचा खर्च रोज चढतो तो वेगळा. म्हणून मेलनंतर फोन, आणि फोननंतर "आपल्या बोलण्याप्रमाणे" असा पुन्हा दोन ओळींचा मेल.

आता पुरावा. इथे तुमच्या हातात वाटतं त्याहून जास्त आहे. शिपिंग लाइनकडे प्रत्येक कंटेनरची जहाजावरची जागा मागा. ती सहा आकडी असते आणि शेवटचे दोन आकडे उंचीचे थर सांगतात. ०२, ०४, ०६ असे असतील तर कंटेनर होल्डमध्ये होता. ८० च्या पुढचे असतील तर डेकवर. पहिला कंटेनर आगीच्या होल्डमध्ये खालच्या थरात होता हे एवढ्यावरून दिसतं. कप्तानाच्या लॉगबुकातल्या पाणी सोडल्याच्या नोंदी आणि त्याने बंदरात नोंदवलेला प्रोटेस्ट, म्हणजे घटनेचं औपचारिक निवेदन, सर्व्हेअर मिळवेल. तुम्ही फक्त ते हवेत असं लेखी मागून ठेवा.

सर्व्हेच्या वेळी तुमचा किंवा विमा कंपनीचा माणूस कंटेनर उघडताना हजर हवा. सील तोडण्याआधी त्याचा फोटो, दार उघडल्यावर पोत्यांवरची पाण्याची रेषा कुठवर आहे त्याचा फोटो. सिल्व्हर नायट्रेटची चाचणी करायला सांगा. ओल्या पोत्यावर ते टाकलं आणि पांढरं दुधाळ झालं तर पाणी खारं. कंटेनरच्या छताला दव धरून टपकलेलं पाणी गोडं असतं, त्याला असा रंग येत नाही. काजू बीच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे, कारण विमा कंपनीचा पहिला संशय नेहमी हाच असतो की बी मुळात ओली भरली होती आणि आतल्या आत घामली. त्यासाठी दार-ए-सलामला भरताना काढलेलं ओलाव्याचं आणि कटिंग टेस्टचं प्रमाणपत्र शोधून ठेवा. दुसऱ्या कंटेनरची कटिंग टेस्ट पुन्हा करून आउटटर्न, म्हणजे चांगल्या गराचा उतारा, किती घसरला ते काढलं की ४० टक्के की २५ टक्के हा वाद आकड्यांवर येतो. वास किती येतो यावर तो कधीच मिटत नाही. या कंटेनरमध्ये काही पोती खाऱ्या पाण्याने भिजलेली निघाली तर ती वेगळी रचून वेगळी मोजा. ती बळीच्या खात्यात जातात आणि विमा कंपनीला त्यांचे पैसे वाटणीतून परत मिळू शकतात, त्यामुळे ती तुमच्याशी वाद कमी घालते.

भिजलेली बी तशीच ठेवू नका. तुम्हाला मी काय सांगू, ओली बी आठवड्यात गरम होते. तिचं टरफलाच्या तेलासाठी किंवा जळणासाठी जे काही येईल ते येऊ दे, पण विक्री विमा कंपनीच्या लेखी संमतीनेच आणि अ‍ॅडजस्टरला कळवून. आलेली रक्कम जनरल अ‍ॅव्हरेजच्या २० लाखांतून आणि तुमच्या २२ लाखांतून वजा होईल. लपवली तर अडचण, आणि न विचारता फेकली तर "वाचवता आलं असतं" असं म्हणायला जागा.

आणखी दोन कागद याच आठवड्यात जाऊ द्या. एक, जहाज कंपनीला हक्क राखल्याची नोटीस. हे करणं तुमच्या पॉलिसीतलं कर्तव्यच आहे. जहाज कंपनीविरुद्ध दाव्याची मुदत बहुधा डिलिव्हरीपासून एक वर्ष असते, आणि ती हुकली तर विमा कंपनी तुमच्याकडे बोट दाखवेल. न्हावा शेव्याला जे कंटेनर येतील तेही शंकास्पद दिसले तर सीएचएला, म्हणजे तुमच्या कस्टम्स एजंटला, सांगून ठेवा की 'माल सुस्थितीत मिळाला' अशी पावती द्यायची नाही, आणि आतलं नुकसान नंतर दिसलं तर तीन दिवसांत लेखी कळवायचं. दुसरा, अ‍ॅडजस्टरला पत्र: पहिल्या कंटेनरच्या बळीची भरपाई आम्ही जनरल अ‍ॅव्हरेजमध्ये मागत आहोत. २०१६ च्या नियमांखाली प्रवास संपल्यापासून १२ महिन्यांत हे कळवून पुरावा द्यावा लागतो, नाहीतर अ‍ॅडजस्टर हाताशी असेल त्या माहितीवर अंदाज बांधायला मोकळा असतो. विमा कंपनी करेल असं म्हणून सोडू नका. तिने पैसे देईपर्यंत तो हक्क तुमचा आहे.

अ‍ॅडजस्टरच्या किंमतपत्रकात वाटा कमी यावा म्हणून किंमत कमी लिहायचं कुणी सुचवेल. बिल जोडायचंच असतं, तेच बिल कस्टम्सकडेही जाणार आहे, आणि पहिल्या कंटेनरची भरपाईही त्याच किमतीने होणार आहे.

कस्टम्सचं आलं म्हणून: दुसरा कंटेनर न्हावा शेव्याला आणणार असाल तर खराब झालेल्या मालावर ड्युटीत सूट मागता येते, कस्टम्स कायद्याचं कलम २२. पण नुकसान कस्टम्सच्या अधिकाऱ्याला दाखवावं लागतं, आणि ते माल सोडवण्याआधी. तुमच्या सीएचएला हे आत्ताच सांगा. चंदगडला पोती उतरल्यावर त्याचा उपयोग नाही.

विमा कंपनीचं उत्तर "सी क्लॉजमध्ये पाणी बसत नाही" असंच आलं, तर ते पत्र मला पाठवा. त्यावर कोणतं कलम कसं लावायचं ते पुढच्या अंकात लिहीन.